रविवारी कॉम्प्रेसर का चालू होता?

पुण्यातले एक सल्लागार गृहस्थ माझ्याकडे आले ते फाइल घेऊनच. कारखान्यांतल्या दाबाच्या हवेचा, म्हणजे कॉम्प्रेस्ड एअरचा, अपव्यय शोधून देणं हे त्यांचं काम. पंचवीसेक वर्षं नोकरी करून आता स्वतंत्र झालेले. मुलीने सांगितलं होतं, "बाबा, लिंक्डइनवर लिहा, नाहीतर कोणाला कळणार?" म्हणून त्यांनी एक पोस्ट लिहून आणली होती. सुरुवात अशी: "आपणा सर्वांना कळवताना अत्यंत आनंद होतो की, प्रदीर्घ अनुभवाच्या बळावर मी अनेक नामवंत उद्योगांना लाखो रुपयांची बचत करून दिली आहे."

वाचून दाखवताना त्यांचाच आवाज खाली गेला. म्हणाले, "हे म्हणजे आपणच आपली पाठ थोपटणं झालं ना?" आत्मस्तुती करणाऱ्याला समर्थांनी 'दासबोधा'त मूर्खांच्या यादीत बसवलंय, आणि मराठी माणूस ती यादी मनात घेऊनच वावरतो. पण गप्प बसून व्यवसाय चालत नाही, हेही त्यांना कळत होतं.

मी पेन्सिल घेऊन त्यांच्या मजकुरातली 'मी'ची वाक्यं खोडली. उरलं काहीच नाही. बढाई ओळखायची माझी कसोटी एवढीच आहे. लिहिणारा वजा केल्यावर वाचणाऱ्याच्या हाती काही राहिलं, तर ती पोस्ट, नाहीतर जाहिरात.

त्यांनी लगेच दुसरं टोक गाठलं. "मग असं लिहू का, की माझ्यासारख्या साध्या माणसाला एवढी मोठी कामं कशी मिळतात याचं मलाच नवल वाटतं?" हे तर त्याहून वाईट. नम्रतेचा सदरा घातलेल्या या बढाईवर सेझर, जीनो आणि नॉर्टन या संशोधकांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सरळ फुशारकी मारणाऱ्यापेक्षाही असा माणूस लोकांना कमी आवडतो, कारण तो प्रामाणिक वाटत नाही, असं त्यात दिसलं.

मग मी लिहिण्याचा विषय बाजूला ठेवून विचारलं, "शेवटच्या कामात पहिल्या दिवशी काय पाहिलंत?" गृहस्थ खुलले. म्हणाले, "मी रविवारी जातो. सगळी मशिनं बंद. हवा वापरणारं कोणी नाही. तरी कॉम्प्रेसर दर चार मिनिटांनी आपला आपण लोड घेत होता."

हीच पहिली ओळ. लिंक्डइनवर एका पोस्टला तीन हजार अक्षरांची मुभा आहे, पण वाचणाऱ्याला आधी दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचं वाचायला त्याला बोट लावावं लागतं. त्या दोन-तीन ओळी 'अत्यंत आनंद होतो'वर खर्च झाल्या, तर बोट पुढे सरकतं. बंद कारखान्यात कॉम्प्रेसर चालू आहे म्हटल्यावर कारखानदार थांबतो, कारण त्याला स्वतःचा रविवार आठवतो.

आम्ही तीन आठवड्यांत सहा पोस्ट ठरवल्या, मंगळवार आणि शुक्रवार. प्रत्येकीत एकच प्रश्न. पहिलीत रविवारचं दृश्य, दुसरीत चाचणी. चाचणी अशी: सगळी यंत्रं बंद करून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवा. टाकीतला दाब पुरेसा झाला की तो अनलोड होतो, गळतीने दाब उतरला की पुन्हा लोड घेतो. दोन्ही वेळा घड्याळ लावून मोजा, चार-पाच फेऱ्यांची सरासरी घ्या. दोन मिनिटं लोड आणि चार मिनिटं अनलोड असेल, तर सहातली दोन मिनिटं कॉम्प्रेसर फक्त गळती भरून काढतोय. म्हणजे त्याच्या क्षमतेची एक-तृतीयांश हवा गळतीत जाते. नीट राखलेल्या कारखान्यात हा आकडा दहा टक्क्यांच्या आत असतो.

इथे ते अडखळले. "हे सगळं फुकट सांगितलं तर मला कोण बोलावेल?" माझ्या मते ही भीती उलटी आहे. चाचणी करून ज्याचा आकडा तीस टक्के येतो, त्याला पुढे गळत्या शोधून द्यायला माणूस लागतोच, आणि फोन करायला त्याला एकच नाव माहीत असतं.

तिसरी पोस्ट पैशांची. सात बार दाबावर तीन मिलिमीटरचं भोक सुमारे तीन किलोवॉट वीज खातं. दिवसरात्र, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर 7,200 तास, 21,600 युनिट. आठ रुपये दर धरला तर 1,72,800 रुपये. 'लाखो रुपयांची बचत' हे शब्द जे करू शकले नाहीत, ते या हिशोबाने केलं. त्यात आपला दर घालून कोणालाही पडताळता येतं.

आणि एकाने पडताळलंच. कुठल्याशा कारखान्याच्या मेंटेनन्स इंजिनिअरने खाली लिहिलं, की साहेब, गळती बंद केली तरी कॉम्प्रेसर अनलोडवर फिरत राहिला तर वीज खातोच की. गृहस्थ तापले. उत्तरादाखल त्यांनी अनुभवाची वर्षं मोजायला घेतली होती, ती मी पुसायला लावली. कारण इंजिनिअरचं बरोबर होतं. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर पूर्ण भाराच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा वीज घेत राहतो. थोडं खोदल्यावर गृहस्थांनीच कबूल केलं, की एका जुन्या कामात नेमकं हेच विसरून मालकाला बचत जास्त सांगितली होती, आणि बिल तेवढं उतरलं नव्हतं.

चौथी पोस्ट, साबणाच्या पाण्याने होजच्या जोडांवर गळती शोधण्याची, ठरल्याप्रमाणे गेली. पाचवी मात्र आम्ही बदलली. काय चुकलं, फरक कितीचा पडला, आणि तेव्हापासून हिशोबात अनलोडची वीज आधी कशी वजा करतात, एवढंच लिहिलं. माफीनामा नाही, 'चुकांतून शिकलो' नाही. सहांपैकी जाणकारांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते हिच्यावर.

ज्याचं ते काम होतं, त्या मालकाला मजकूर आधी दाखवला होता. नुसतं नाव गाळणं पुरत नाही. 'चाकणमधला अमुक भाग बनवणारा कारखाना' म्हटलं की त्या धंद्यातल्यांना कळतंच. म्हणून गाव आणि माल दोन्ही काढले, आकड्यांना मात्र हात लावला नाही. आकडे बदलले की ते खोटं होतं.

सहाव्या पोस्टमध्ये सल्लागाराची गरज कधी नसते ते लिहिलं, आणि शेवटी एका साध्या वाक्यात आपण काय काम करतो ते. साध्या माहितीत लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या पाचांत ते नव्हतं.

पहिल्या पोस्टला अंगठे खूप पडले, पण बहुतेक जुन्या सहकाऱ्यांचे. खाली 'अभिनंदन सर'. कशाचं अभिनंदन, देव जाणे. मी त्यांना अंगठे मोजू नका, अनोळखी माणसाने विचारलेला प्रश्न मोजा, असं सांगितलं. चाचणीच्या पोस्टला अंगठे निम्मेही नव्हते, पण महिन्याभरात एका अनोळखी कारखानदाराचा फोन आला. त्याने रविवारी स्वतः घड्याळ लावलं होतं. आकडा आठ टक्के. "म्हणजे तुम्हाला बोलवायची गरज नाही ना?"

"नाही," गृहस्थ म्हणाले.

"बरं. मग माझ्या मेहुण्याच्या कारखान्यात एकदा जाऊन या. तिथे पंधरा मिनिटं थांबलो, कॉम्प्रेसर अनलोड झालाच नाही."

मला हे सांगताना त्यांनी विचारलं, "यावर एक पोस्ट लिहू का?"

मी म्हटलं, "आधी मेहुण्यांना विचारा."