अँटेना सोडा, मागची बाजू बघा

नेट बंद पडलं की कुणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं. भिंतीवर पांढरा डबा, त्याला दोन अँटेना, समोर लुकलुकणारे दिवे आणि खाली प्रश्न, ‘हा राउटर आहे की मोडेम?’ फोटो बहुधा समोरून काढलेला असतो. उत्तर मात्र मागच्या बाजूला, जिथे केबली खोचतात तिथे असतं.

अँटेना दिसली की आपण राउटर म्हणून मोकळे होतो. पण तिच्यावरून एवढंच कळतं की हा डबा वायफाय देतो. वायफाय राउटरही देतो आणि ॲक्सेस पॉइंटही, शिवाय हल्ली फायबरचा डबाही देतो. उलट कित्येक नव्या राउटरच्या अँटेना आतच असतात, बाहेरून एकही दिसत नाही. म्हणून आधी शोधायची ती बाहेरून घरात येणारी तार.

ती तार ज्या डब्यात शिरते तो मोडेम. फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड असेल तर तिथे अरुंद पोर्ट असतो आणि त्यावर DSL किंवा LINE लिहिलेलं असतं. नेहमीचा नेटवर्कचा पोर्ट त्याहून रुंद असतो, आत आठ पिना दिसतात. टीव्हीच्या जाड गोल केबलवरून नेट येत असेल तर आटे असलेला गोल पितळी तोंडाचा पोर्ट दिसेल. फायबर असेल तर बारीक तारेच्या टोकाला बहुधा हिरवा चौकोनी प्लग असतो आणि पोर्टवर किंवा दिव्याखाली PON ही अक्षरं असतात. जोडणी करायला येणारे या डब्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. घरात त्यालाच मोडेम म्हणतात, आणि त्याने काही बिघडत नाही. इथे एक चकवा आहे. TEL किंवा PHONE लिहिलेला अरुंद पोर्ट दिसला म्हणून तो डीएसएल मोडेम समजू नका. तो घरातला फोन जोडण्यासाठी असतो, त्यातून लाइन आत येत नाही.

राउटर ओळखायची खूण म्हणजे वेगळा पडलेला एक पोर्ट. चार पोर्ट एका रंगाचे आणि एक निराळा, त्यावर WAN किंवा Internet. रंग प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ठरवते, म्हणून अक्षरांवर विश्वास ठेवावा. स्विचमध्ये असा मानाचा पोर्ट नसतो. पाच, आठ, चोवीस सारखे पोर्ट रांगेत, आणि अँटेना नाही. फक्त सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या कपाटातला स्विच फसवतो, कारण त्यात आठ पोर्टांपासून जरा दूर दोन पोर्ट असतात आणि ते WAN वाटतात. त्यांवर Uplink लिहिलेलं असतं. आठ पोर्ट कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज देतात, हे दोन देत नाहीत, एवढाच फरक.

ॲक्सेस पॉइंटला सहसा एक, फार तर दोन नेटवर्क पोर्ट असतात. छतावर चपटी तबकडी आणि तिच्यात जाणारी एकच केबल दिसली, विजेची वेगळी वायर नसली, तर तो बहुतेक ॲक्सेस पॉइंटच.

आता एक फोटो वाचू. पहिल्या डब्यात हिरवा प्लग, शेजारी चार LAN, एक TEL आणि दोन अँटेना. हा फायबरचा डबा, आणि तो एकटाच मोडेम, राउटर, स्विच व ॲक्सेस पॉइंट अशी चारही कामं करू शकतो. त्याच्या LAN मधून निघालेली केबल चार अँटेनांच्या दुसऱ्या डब्यात जाते. ती WAN मध्ये खोचली असेल तर बहुधा एकामागे एक दोन राउटर चालू आहेत. मग एका वायफायवरच्या फोनला दुसऱ्यावरचा प्रिंटर सापडत नाही, ही तक्रार हमखास येते. WAN रिकामा आणि केबल LAN मध्ये असेल, तर दुसऱ्या डब्याकडून बहुधा ॲक्सेस पॉइंटचं काम घेतलेलं आहे. खात्रीने मात्र फोटोवरून सांगता येत नाही, कारण काही मॉडेल WAN मधूनही ॲक्सेस पॉइंट म्हणून चालतात. ते सेटिंगमध्येच कळतं.

याच फोटोत पहिल्या डब्यावर LOS खाली लाल दिवा असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. तेव्हा दुसरा डबा कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. कंपनीलाच कळवावं लागतं.

तेव्हा फोटो मागून काढा, पोर्टांवरची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. डब्याखालच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांकही पाठवा, पण वायफायचा पासवर्ड बहुधा त्याच लेबलवर छापलेला असतो. तेवढ्या भागावर बोट ठेवूनच फोटो काढा.