व्हीलचेअरने रेल्वे प्रवास: बुकिंगपासून बर्थपर्यंत

ऑनलाइन तिकीट काढताना ‘दिव्यांग’ कोटा निवडा. त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र लागतं आणि ते काढायला सरकारी डॉक्टरांचं सवलत प्रमाणपत्र हवं. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरचं चालत नाही. स्लीपर व थर्ड एसीत ७५ टक्के सवलत मिळते, सोबत्यालाही.

कोट्यातली बर्थ मात्र साध्या डब्यात असते आणि त्याच्या दारातून व्हीलचेअर सहसा जात नाही. म्हणून सातची गाडी असेल तर सहालाच स्टेशनवर पोहोचा. आधी स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात व्हीलचेअर आणि मदत मागा. लिफ्ट चालू आहे का, तेही विचारा. बंद असेल तर रॅम्पचा रस्ता बहुधा लांबचा पडतो.

डब्यात चढवताना खुर्चीचे ब्रेक लावा. रुग्णाला काखेत हात घालून ओढू नका. लकव्याच्या रुग्णाचा खांदा त्याने निखळू शकतो.