सहाशे शब्दांचं वार्तापत्र, एका मिनिटाचा व्हिडिओ

एखादा गुंतवणूक सल्लागार आपल्या ग्राहकांना दरमहा ईमेलवर वार्तापत्र पाठवतो. या महिन्याचा विषय आहे बँकठेवींचा विमा. मजकूर सहाशे शब्दांचा. हाच विषय व्हिडिओतून सांगायचा म्हणून तो कॅमेऱ्यासमोर वार्तापत्र जसंच्या तसं वाचतो. निवांत मराठी बोलताना मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे व्हिडिओ पाच मिनिटांचा होतो. पण खरी अडचण लांबीची नाही. वाचणारा माणूस न कळलेल्या ओळीवर मागे येतो, तक्त्यावर थांबतो, नको तो परिच्छेद ओलांडतो. ऐकणाऱ्याला हे सहज जमत नाही. एक वाक्य निसटलं की पुढची तीनही निसटतात.

म्हणून पहिलं काम निवडीचं. या वार्तापत्रात बरंच काही आहे: ठेव विमा महामंडळ रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं आहे, विम्याचा हप्ता बँक भरते, मर्यादा १९९३ पासून एक लाख होती आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली, सहकारी बँकांना संरक्षण आहे पण पतसंस्थांना नाही, संयुक्त खात्यांचा हिशेब वेगळा. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे, पण एका मिनिटात एकच प्रश्न मावतो. तो ग्राहकांच्या बोलण्यातून निवडावा. ‘दोन शाखांत पैसे ठेवलेत, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच लाखांचं संरक्षण ना?’ हा गैरसमज नेहमीचा. व्हिडिओ त्याच्यावरच बेतायचा. मर्यादेचा इतिहास आणि हप्त्याची माहिती ईमेलमध्येच राहू द्यावी. पतसंस्थेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला दुसरा व्हिडिओ द्यावा.

आता वाक्यं. वार्तापत्रात लिहिलं आहे: ‘एका ठेवीदाराच्या एकाच बँकेच्या सर्व शाखांमधील, एकाच नात्याने ठेवलेल्या ठेवींची मुद्दल व व्याज मिळून कमाल पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम विमासंरक्षित असते.’ वाचायला हे नेमकं आहे. ऐकताना मात्र ‘पाच लाख’ येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्याचं बोलकं रूप असं:

आवाज: तुमच्या एकट्याच्या नावावर एका बँकेत दोन ठेवी आहेत. एका शाखेत चार लाख, दुसऱ्या शाखेत तीन लाख. बँक बुडाली, तर विम्याचे किती मिळतील?
पडद्यावर: ४ लाख + ३ लाख = ?

आवाज: सात नाही, पाच. शाखा कितीही असोत, बँक एकच धरतात.
पडद्यावर: एक बँक, सगळ्या शाखा मिळून ५ लाख

आवाज: आणि या पाच लाखांत व्याजही आलं. मुद्दलच पाच लाख असेल, तर वरचं व्याज विम्याबाहेर.
पडद्यावर: मुद्दल + व्याज = ५ लाखांपर्यंत

आवाज: आज एवढंच करा. एकाच बँकेतल्या तुमच्या नावावरच्या सगळ्या ठेवींची व्याजासकट बेरीज करा. संयुक्त खात्यांचा हिशेब वेगळा असतो. तो या महिन्याच्या ईमेलमध्ये दिला आहे.

नमस्कार-चमत्कार गेले, प्रश्न पहिल्या काही सेकंदांत आला. ‘वरील तक्ता पाहा’, ‘इथे क्लिक करा’ ही कागदी वाक्यंही गेली. आकडे कानाऐवजी डोळ्यांवर सोपवले आहेत. बोललेलं प्रत्येक वाक्य पडद्यावर उमटवलेलं नाही, कारण वाचायचं की ऐकायचं, अशी ओढाताण होते.

कात्री लावताना एक पथ्य मात्र काटेकोर पाळायचं. ज्या अटीवाचून विधान खोटं ठरतं, ती अट कापायची नाही. ‘एकट्याच्या नावावर’ हे शब्द काढले की हिशेब चुकतो, कारण पती-पत्नीच्या संयुक्त खात्याला स्वतंत्र मर्यादा लागू होते. ‘विम्याचे’ हा शब्द काढला, तर उरलेले दोन लाख कायमचे बुडाले असं ऐकू येतं. प्रत्यक्षात बँकेच्या मालमत्तेची वसुली झाल्यावर त्यातलं काही मिळू शकतं. थोडक्यात सांगण्याच्या भरात हेच लहान शब्द आधी गळतात. म्हणून तयार संहिता मूळ वार्तापत्राशेजारी ठेवून प्रत्येक विधान ताडून पाहावं.

मग घड्याळ लावून ती मोठ्याने म्हणावी. श्वास जिथे अपुरा पडेल, तिथे वाक्य तोडावं. शेवटी, वार्तापत्र न वाचलेल्या कुणाला ती एकदाच ऐकवून ‘काय कळलं?’ असं विचारावं. उत्तर ‘पाच लाखांपर्यंत पैसे सुरक्षित’ एवढंच आलं, तर शाखांचा मुद्दा पोचलेला नाही. अशा वेळी वेगात बोलून आणखी माहिती भरू नये. दोन शाखांचं उदाहरण थोडं सावकाश सांगावं आणि त्यासाठी दुसरं एखादं वाक्य सोडून द्यावं.