फोटोत गणवेश चढवताना

शाळेने ओळखपत्रासाठी गणवेशातला फोटो मागितलेला असतो, आणि घरात फोटो असतो तो टी-शर्टमधला. स्टुडिओवाला म्हणतो, ‘काळजी नको, शर्ट चढवून देतो.’ मग त्याच्याकडचा कुठलातरी शर्ट चिकटतो आणि शाळा फोटो परत पाठवते. हे टाळायचं तर त्याला नुसतं ‘युनिफॉर्म टाका’ असं सांगून भागत नाही.

आधी खऱ्या गणवेशाचा फोटो द्या. शर्ट हँगरवर लावून, दिवसाच्या उजेडात, अगदी समोरून काढलेला. पिवळ्या दिव्याखाली आकाशी रंग हिरवट होतो आणि पुढचं सगळंच चुकतं. रंगाचं नाव सांगण्यापेक्षा हद्द सांगावी. समजा, पाचवीतल्या मुलाचा शर्ट आहे: ‘खांद्यापासून दुसऱ्या बटणापर्यंत नेव्ही ब्लू, खाली आकाशी, मध्ये पांढरी पायपिंग.’ एवढं सांगितलं की त्याला अंदाजाने रंगवावं लागत नाही.

बॅजची गंमत वेगळीच. ‘डावीकडे’ म्हटलं की स्टुडिओवाला पडद्याची डावी बाजू धरतो. म्हणून ‘मुलाच्या डाव्या छातीवर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला’ असं पूर्ण सांगावं. त्यातून फोटो सेल्फी असेल, तर बऱ्याच मोबाइलवर तो आरशासारखा उलटा साठवला जातो. गणवेश चढवल्यावर कुणी अख्खा फोटो फिरवला, तर बॅज दुसऱ्या बाजूला जातो आणि त्यावरची अक्षरंही उलटी होतात. आधी चेहरा सुलटा करून घ्यावा, मगच कपडे. केसांचा भांग किंवा गालावरचा तीळ बघितला की चेहरा उलटा आहे का ते लगेच कळतं.

साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या फोटोत छाती थोडीच दिसते. बॅज मावावा म्हणून काही जण तो गळ्यापर्यंत वर ओढतात. खिशावरचा बॅज कॉलरच्या टोकाला लागलेला दिसला, तर समजा हाच उद्योग झालाय. बॅज दिसायलाच हवा असेल, तर डोकं जरा लहान ठेवून चौकट खालपर्यंत घ्यायला सांगा, मात्र शाळेला चेहरा केवढा हवा ते आधी विचारून.

खरी परीक्षा कॉलरची. गोल गळ्याच्या टी-शर्टमध्ये मान जास्त उघडी असते. त्यावर कॉलर खाली बसवली की पोराची मान जिराफाची होते. कॉलर दोन्ही बाजूंनी मानेला टेकलेली हवी आणि हनुवटीची सावली तिच्यावर पडलेली हवी. चेहऱ्यावर प्रकाश एका बाजूने आणि कॉलरच्या घडीवर दुसऱ्या बाजूने असेल, तर जोड डोळ्यांत भरतो. चेहरा तिरका असेल तर समोरून काढलेला शर्ट नीट बसतच नाही. अशा वेळी नवा फोटो काढणंच स्वस्त पडतं. पांढऱ्या शर्टामागे पांढरी पार्श्वभूमीही नको, खांद्यांच्या कडा त्यात हरवतात. फिकट निळी मागा.

ऑफिसच्या गणवेशाला हेच लागू आहे. फक्त लोगो एका बाजूला आणि नावाची पट्टी दुसऱ्या बाजूला असेल, तर दोन्ही जागा लिहून द्याव्यात. पासपोर्टच्या फोटोवर मात्र असा हात फिरवू नये. तिथे कॉम्प्युटरवर फेरफार केलेला फोटो चालत नाही.