पंगतीतही टिकेल असा ओठांचा रंग

दुकानातल्या कुठल्याही लिक्विड लिपस्टिकच्या डबीवर तासांचा आकडा असतो. कुणी १२ म्हणतं, कुणी १६, कुणी थेट २४. त्या तासांत बाईनं काय खाल्लं, हे मात्र डबीवर लिहिलेलं नसतं. आपल्याकडे खरा प्रश्न तोच आहे. कॉफीच्या कपाला रंग लागू नये एवढीच अपेक्षा असेल, तर आज बाजारातल्या बहुतेक लिपस्टिक ती पुरी करतात. मसालेभातावर तुपाची धार पडली की कोणता रंग उरतो, हे मात्र आधी समजून घेतलेलं बरं, कारण तिथं स्टेन, टिंट आणि लाँग-वेअर लिपस्टिक या तिघांच्या वाटा वेगळ्या होतात.

दुकानात ही तिन्ही नावं एकमेकांत मिसळून वापरली जातात, म्हणून नावापेक्षा रंग कुठे बसतो ते पाहावं. स्टेनमध्ये पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळलेलं रंगद्रव्य असतं. ते ओठाच्या वरच्या मृत पेशींच्या थरात शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतं. मेंदीचं काम असंच चालतं: रंग कातडीच्या आत असतो, आणि ती कातडी झडेल तेव्हाच तो जातो. लाँग-वेअर लिक्विड लिपस्टिकचं तंत्र अगदी उलटं. तिचा रंग ओठात शिरत नाही, ओठावर एक पातळ पापुद्रा होऊन बसतो. टिंट या दोघींच्या मधे. त्यात थोडा रंग मुरतो, थोडा जेलच्या किंवा मऊ क्रीमच्या थरात वर राहतो.

आधी मुरणाऱ्या रंगाविषयी. इओसिनच्या कुळातली, ब्रोमो ॲसिड म्हणून ओळखली जाणारी काही रंगद्रव्यं लिपस्टिकमध्ये फार जुनी आहेत. हेझल बिशप नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाई दिवसा तेल कंपनीत नोकरी करत आणि रात्री घरच्या स्वयंपाकघरात लिपस्टिकचे प्रयोग करत. कपाला आणि गालाला न लागणारी त्यांची लिपस्टिक १९५० मध्ये बाजारात आली, तिचा आधार हीच रंगद्रव्यं होती. आजही टिंटच्या घटकांच्या यादीत सीआय ४५४१० किंवा सीआय ४५३८० हे क्रमांक दिसले, तर तो रंग ओठात मुरणार हे ओळखावं.

या रंगद्रव्यांची एक खोड ठाऊक असलेली बरी. बाटलीत ती फिकी किंवा नारिंगी दिसू शकतात. ओठाच्या ओलाव्याशी आणि तिथल्या आम्ल-अल्कलीच्या प्रमाणाशी गाठ पडली की गडद गुलाबी होतात. ‘प्रत्येकीच्या ओठांवर वेगळा रंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लिपस्टिकची सगळी जादू एवढीच. तपकिरी किंवा विटकरी टिंट दुपारपर्यंत भडक गुलाबी झाल्याची तक्रार कितीतरी जणी करतात, तिचं मूळही यातच आहे. वरचे तपकिरी रंग पुसले जातात आणि मुरलेला गुलाबी तेवढा मागे राहतो. त्यामुळे टिंटची शेड निवडताना लावल्यावर काय दिसतं यापेक्षा चार तासांनी काय उरतं ते बघा. मनगटाच्या आतल्या बाजूला रेघ ओढा, दहा मिनिटांनी ओल्या टिश्यूनं पुसा. खाली उरेल तो तुमचा संध्याकाळचा रंग.

काही स्टेनमध्ये कोचिनीलच्या किड्यांपासून काढलेला कारमाइन हा लाल रंग असतो. यादीत तो सीआय ७५४७० या क्रमांकानं येतो. कडक शाकाहार पाळणाऱ्या घरांत हे माहीत असलेलं चांगलं.

आता पापुद्रा. लाँग-वेअर लिपस्टिकची यादी वाचली तर सुरुवातीलाच बहुधा आयसोडोडेकेन सापडतं. हा लवकर उडून जाणारा द्रव आहे. त्यात ट्रायमिथिलसिलॉक्सिसिलिकेट नावाची सिलिकॉनची राळ विरघळवलेली असते आणि रंगाची बारीक पूड मिसळलेली असते. ओठावर लावल्यावर दोन ते पाच मिनिटांत द्रव उडतो आणि राळ रंगाला घट्ट धरून बसते. पाणी, थुंकी, घाम यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. सन २००० मध्ये मॅक्स फॅक्टरची लिपफिनिटी आली तेव्हा रंगाच्या जोडीला वरून लावायचं वेगळं बाम दिलं होतं. पापुद्रा टिकतो खरा, पण ओठ कोरडे वाटतात, ही अडचण निर्मात्यांनाही तेव्हाच दिसली होती.

हा ताण का जाणवतो? ओठांना घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नसतात आणि वरचा थर अंगाच्या कातडीपेक्षा बराच पातळ असतो. ओलावा तिथून झटकन उडतो. अशा सतत हलणाऱ्या जागेवर न लवचणारा पापुद्रा बसला की ओठ ओढल्यासारखे वाटतात आणि उललेल्या भागात रंग रेघारेघांनी साचतो. त्रास वाढवणारी चूक बहुतेक जणी एकच करतात: सुकताना ओठ एकमेकांवर दाबतात, मग जाड दुसरा हात मारतात. अर्धवट सुकलेला थर दाबला की मधूनच तुटतो, आणि जाड थर पातळ थरापेक्षा लवकर तडकतो. एकच पातळ हात द्यावा, तोंड किंचित उघडं ठेवून तो पूर्ण सुकू द्यावा. बाम लावायचं असेल तर दहा मिनिटं आधी लावून टिश्यूनं पूर्ण टिपून काढावं. खाली तेलकटपणा राहिला तर राळ धरतच नाही.

या पापुद्र्याची कमजोर बाजू म्हणजे तेल आणि तूप. आपलं लग्नाचं जेवण घ्या. समजा नवरीला सकाळी नऊला लाल लाँग-वेअर लिपस्टिक लावली. विधी, होमाचा धूर, डोळ्यांतलं पाणी, सरबत यांतून दुपारी बारा-साडेबारापर्यंत रंग जसाच्या तसा राहील. मग पंगत बसते. वरण-भातावर तूप, मसालेभात, अळूची भाजी, भजी, वर नवऱ्यानं नाव घेऊन भरवलेला जिलबीचा घास. तूप पहिल्यांदा ओठांच्या आतल्या कडेला लागतं. तिथली त्वचा सतत ओली असल्यामुळे पापुद्रा मुळातच नीट चिकटलेला नसतो. तूप त्याच्या कडेखाली शिरतं, त्याला मऊ करतं आणि पाच-सात घासांत आतला भाग उघडा पडतो. बाहेर लाल कड, आत फिका ओठ, असा फोटो येतो तो यामुळे. त्यावर घाईनं परत तीच लिपस्टिक लावली तर तुपामुळे ती धरत नाही. तिच्या गुठळ्या होतात आणि त्या दातांना चिकटतात.

त्याच जेवणात स्टेन लावलेला असता तर तूप त्याचं फारसं बिघडवू शकलं नसतं, कारण रंग पेशींत मुरलेला आहे. तो फिका होतो, विशेषतः आतल्या बाजूला, पण कड पडत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. नुसत्या स्टेननं नवरीच्या मेकअपला लागतो तसा भरीव, दाट रंग येत नाही, आणि ओठ उललेले असतील तर तो सालपटांवर डागांसारखा बसतो. पाण्याचे टिंट ३० सेकंद ते मिनिटभरात मुरायला लागतात, त्यामुळे आरशासमोर विचार करायला वेळ नसतो. बोटाला लागलेला लगेच पुसला नाही तर तिथंही राहतो.

म्हणून लग्नासाठी मी दोन्हींची जोडी सुचवते. आधी लिपस्टिकच्या जवळच्या छटेचा स्टेन पूर्ण ओठाला लावून दहा मिनिटं ठेवायचा, वरचा ओला अंश टिश्यूनं टिपायचा आणि त्यावर लाँग-वेअरचा एक पातळ हात द्यायचा. जेवताना आतला पापुद्रा गेला तरी खाली रंग असतो. जेवणानंतर ओठ कोरड्या टिश्यूनं दाबून तूप टिपावं, सुटलेले तुकडे तेलाच्या बोटानं काढावेत, पुन्हा टिपावं, आणि रिकाम्या जागीच थोडी लिपस्टिक भरावी. पाच मिनिटांचं काम आहे.

रात्रीचं काढणंही याच फरकावर चालतं. पापुद्रा पाण्यानं, फेसवॉशनं निघत नाही आणि मिसेलर वॉटरनं कष्टानं निघतो. त्याला तेलच हवं. वर तेल, खाली पाणी असं हलवून वापरायचं रिमूव्हर सर्वांत चटकन काम करतं, कारण त्याच्या वरच्या थरात बहुधा आयसोडोडेकेनसारखाच द्रव असतो. सकाळी जो उडून गेला, तसाच द्रव परत आला की राळ पुन्हा सैल होते. घरचं खोबरेल तेलही चालतं, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो. कापूस भिजवून अर्धा मिनिट ओठांवर नुसता धरून ठेवा, मग कडेकडून मध्याकडे पुसा. रंग निघत नाही म्हणून घासू नका, पुन्हा तेल लावून थांबा. कोरडा पापुद्रा नखानं सोलणं सर्वांत वाईट, त्याबरोबर ओठाची सालही निघते.

स्टेन मात्र कशानंच एका वेळी पुरता जात नाही. तेलानं वरचा अंश निघतो, बाकीचा एक-दोन दिवसांत पेशी झडतील तसा जातो. तो काढायला साखरेनं ओठ खरवडणाऱ्या मुली दुसऱ्या दिवशी उललेल्या ओठांवर पुन्हा स्टेन लावतात, आणि तो आणखीच ठिपक्यांनी बसतो. त्याला सोडून द्यावं. रात्री साधं पेट्रोलियम जेली किंवा तूप लावून झोपावं.

एक धोका दोन्हींत सारखा आहे. ओठांना खाज, सूज, बारीक पुरळ आलं किंवा ओठांची कड महिनोन्महिने काळवंडत चालली, तर ती त्या रंगद्रव्याची किंवा सुगंधाची ॲलर्जी असू शकते. इओसिनच्या जुन्या रंगांमुळे असा त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात पूर्वीपासून आहेत. अशा वेळी शेड बदलून पाहू नका. सगळेच ओठांचे रंग थांबवा आणि ती डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पॅच टेस्टमधून नेमका घटक कळतो. नवी वस्तू लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा ओठाला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.

रोजच्या वापरासाठी माझा कौल टिंटला आहे. डबा खाऊन झाल्यावर आरशाशिवायही तो पुन्हा लावता येतो, आणि ओठ ओढले जात नाहीत. लाँग-वेअर ज्या दिवशी खाणं कमी आणि बोलणं-फोटो जास्त, त्या दिवसासाठी राखून ठेवा. ओठ उलले असतील त्या आठवड्यात ती आणि स्टेन दोन्ही कपाटातच असू द्या.