धावपटूंच्या पायांचे फोड, काचणे व काळी नखे : स्नेह कोठे हितकर, कोठे अहितकर

प्रकाशा येथे तापी-गोमाई संगमाच्या परिसरात आणि शहाद्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेने पहाटे धावणाऱ्या तरुणांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. काही पोलीस व सैन्यभरतीसाठी धावतात, तर काही अर्ध मॅरेथॉनसाठी म्हणजे २१ किलोमीटरच्या शर्यतीसाठी. यांपैकी जे आमच्याकडे येतात, त्यांच्या तक्रारी बहुधा तीनच असतात : तळव्याला वा टाचेला पाण्याचा फोड, मांड्या व काखा घासून सोलवटणे, आणि पायाचे नख काळे पडणे. चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जाणाऱ्या खानदेशातील भाविकांमध्येही पहिल्या दोन तक्रारी दिसतात. परंतु चालणारा वाटेत थांबून विसावा घेऊ शकतो. धावपटू थांबत नाही, म्हणून त्याची इजा थोड्या वेळात पुढे जाते.

घर्षण व रूक्षता दिसली की स्नेहाची योजना करावी, हा आपल्या शास्त्राचा स्वाभाविक विचार आहे आणि बहुतेक वैद्य या तिन्ही तक्रारींत तेल सुचवितात. आमच्या मते यांपैकी एकाच ठिकाणी ते खरोखर योग्य आहे. तळव्याच्या फोडात धावण्यापूर्वीचे तेल पुष्कळदा अपाय करते आणि काळ्या नखाशी तर तेलाचा संबंधच नाही. तेथे दोष बुटाच्या मापात असतो.

प्रथम फोडाचा विचार करू. पृष्ठभाग घासून झिजल्याने फोड येतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः झिजल्याने ओरखडा येतो, फोड नव्हे. प्रत्येक पावलागणिक आतील हाड पुढे-मागे सरकते, परंतु बाहेरची त्वचा ओलसर मोज्याला चिकटून जागीच राहते. या दोहोंच्या मधल्या थरांवर तिरका ताण पडतो. हजारो पावलांनंतर त्वचेच्या वरच्या भागातील एक थर आतल्या आत फाटतो व त्या पोकळीत द्रव साठतो. म्हणूनच फोड येण्यापूर्वी त्या जागी काही काळ ऊन लागल्यासारखी चुरचुर होते. धावपटूला ही जागा ओळखावयास शिकविले, तर अर्धे काम झाले. चुरचुर सुरू होताच थांबून मोजा सरळ केला, आतील वाळूचा कण काढला व पट्टी लावली तर फोड टळतो. आमच्या भागात नदीकाठची बारीक वाळू हे फोडाचे एक नित्य कारण आहे आणि बूट झटकूनही ती मोज्याच्या विणीत राहते.

घर्षण त्वचेच्या ओलाव्यावर अवलंबून असते. अगदी कोरडी त्वचा सहज घसरते, पूर्ण भिजून निथळणारीही काही अंशी घसरते. मधली घामट, ओलसर त्वचा मात्र सर्वाधिक चिकटते. आता तेलाचा परिणाम पाहा. तेल वा पेट्रोलियम जेली लावताच घर्षण एकदम उतरते, हे खरे. परंतु साधारण तासाभरात ते पूर्ववत होते व सुमारे तीन तासांनी मूळ पातळीच्याही वर जाते, असे प्रयोगांत आढळले आहे. कारण स्पष्ट आहे : मोजा स्नेह शोषून घेतो, त्वचा मऊ पडते आणि घाम अडकून राहतो. पाच किलोमीटर धावणाऱ्यास याची बाधा होत नाही. अर्ध मॅरेथॉनला अडीच तास घेणाऱ्या नवशिक्यास मात्र शेवटच्या टप्प्यात, म्हणजे नेमक्या नको त्या वेळी, बाधा होते. पादाभ्यंग अवश्य करावा, परंतु रात्री; सकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करूनच मोजे घालावेत. टाचेला भेगा, म्हणजे पाददारी, असणाऱ्यास तर रात्रीचा स्नेह आवश्यकच आहे, कारण भेगेच्या कडेखालीच खोल फोड येतो.

मोज्यांच्या बाबतीत एक गैरसमज दृढ आहे. सुती वस्त्र घाम शोषते म्हणून उत्तम, हे अंगरख्याला लागू असेल. बुटात बंद असलेल्या मोज्याला नाही. सूत घाम शोषते आणि धरून ठेवते, भिजल्यावर सैल पडून त्याच्या चुण्या होतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जाड विणीच्या सुती मोज्यांपेक्षा तशाच ॲक्रिलिक मोज्यांत फोड कमी व लहान आढळले. तेव्हा ॲक्रिलिक, पॉलिएस्टर वा बारीक लोकरीच्या मिश्रणाचा, पायाला घट्ट बसणारा, टाचेची जागा विणलेला मोजा सांगावा. शाळेचे पातळ, सैल नायलॉनचे मोजे यात मोडत नाहीत. दोन पदरी मोजा मिळाल्यास अधिक बरे, कारण सरकणे मग त्वचेवर न होता दोन पदरांमध्ये होते. फोड बोटांच्या मधेच येत असतील तर पाच बोटांचा मोजा वापरावा. कोणताही नवा मोजा शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नये.

ज्यांना ठरलेल्या जागीच फोड येतो, त्यांच्यासाठी औषधविक्रेत्यांकडील साधी कागदी चिकटपट्टी पुरते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा टप्प्यांत सुमारे २५० किलोमीटर धावणाऱ्या १२८ जणांच्या पायांवर ती लावून पाहिली गेली. पट्टी असलेल्या जागी फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. पट्टी कोरड्या, तेलविरहित त्वचेवर एकाच थरात, चुणी न पाडता, कडा गोल कापून लावावी. तेल लावलेल्या पायावर ती दहा मिनिटेही टिकत नाही, हा सकाळच्या तेलाविरुद्ध आणखी एक मुद्दा.

आता बुटाकडे वळू. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकले. नवे बूट पायाला नीट बसले नाहीत, हे त्याचे कारण सांगितले जाते. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तरुणांना ही गोष्ट परकी वाटू नये. लहानपणापासून अनवाणी वावरलेल्या पायाचा चवडा रुंद व बोटे पसरलेली असतात. भारतातील अनवाणी चालणाऱ्यांवरील २००९ च्या एका अभ्यासातही हेच दिसले. असा पाय बाजारातील निमुळत्या बुटात घातला की लांबी बरोबर असूनही करंगळी व अंगठा दाबले जातात.

आमच्याकडील बावीस वर्षांच्या एका शेतकरी तरुणाचे उदाहरण सविस्तर देतो. दर रविवारी १६ किलोमीटर धावल्यावर दोन्ही करंगळ्यांच्या बाहेरच्या कडेस फोड आणि डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचे नख काळे, अशी त्याची तक्रार होती. तो सुती मोजे घालीत असे व निघताना तळव्यांना खोबरेल चोळीत असे. सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, त्यास कागदावर उभे करून दोन्ही पावलांची आकृती काढली. डावे पाऊल २६.२ सेंटीमीटर, उजवे २५.८, डाव्याचे सर्वांत लांब बोट अंगठा नसून दुसरे बोट होते. नंतर बुटातील आतली गादी बाहेर काढून त्यावर उभे केले. गादी २६.८ सेंटीमीटर भरली, म्हणजे पुढे जागा अवघी सहा मिलीमीटर. आणि करंगळी गादीच्या कडेबाहेर अर्धे बोट आली होती. धावताना पाय सुजतो व उतारावर पुढे सरकतो, म्हणून लांब बोटापुढे आडव्या अंगठ्याएवढी, साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर जागा हवी. आपल्याकडील बुटाचा एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलीमीटर. तेव्हा एक नंबर मोठा व रुंद चवड्याचा बूट घेण्यास सांगितले.

येथे बरेच जण थांबतात व नवीच अडचण ओढवून घेतात. मोठा बूट टाचेत सैल होतो, टाच वर-खाली सरकते आणि फोड टाचेवर येतो. यासाठी नाडीची शेवटची दोन छिद्रे उपयोगी पडतात. नाडी त्याच बाजूच्या सर्वांत वरच्या छिद्रातून आत घालून लहान फासा ठेवावा, दुसऱ्या बाजूसही तसेच करावे. मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून खाली खेचून गाठ मारावी. टाच जागच्या जागी धरली जाते व बोटांवर दाब येत नाही. या तरुणाने बूट, मोजे व नाडी तिन्ही बदलली, सकाळचे खोबरेल बंद केले आणि करंगळीवर पट्टी लावली. तिसऱ्या आठवड्यापासून नवा फोड आला नाही. नख मात्र आणखी बरेच महिने काळेच राहिले. त्याकडे पुढे येतो.

स्नेह ज्या ठिकाणी खरोखर योग्य आहे ते म्हणजे त्वचेवर त्वचा घासते अशी जागा : मांड्यांची आतली बाजू व काख. घाम वाळला की त्यातील मिठाचे कण तेथे वाळूप्रमाणे काम करतात. येथे तेल शोषणारा मोजा नसतो आणि लेप पुन्हा लावता येतो. नुसते तेल ओघळते, म्हणून सिक्थतैल अधिक सोयीचे. मधमाशांचे शुद्ध मेण एक भाग व तीळतेल पाच ते सहा भाग, हे नेहमीचे प्रमाण. मेण सुमारे ६२ ते ६५ अंशांवर वितळते. पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून मेण वितळवावे, कोमट तेल मिसळावे व थंड होईपर्यंत ढवळावे, अन्यथा गाठी राहतात. आमच्याकडील वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चार भाग तेल पुरे होते. तयार लेपाची डबी दुपारभर खिडकीत ठेवावी. वितळून वाहू लागला तर मेण वाढवावे. कापूर, पुदिना वा सरसू यांचा स्पर्शही यात नको. घामाने ओल्या झालेल्या त्वचेवर त्यांची आग होते. निघण्यापूर्वी व पुढे सुमारे तासाभराने पुन्हा लेप लावावा. पिठूळ पावडर घामाने गोळे बांधते, तिचा उपयोग नाही. पुरुषांची स्तनाग्रे सुती बनियनने सोलून रक्त येते. तेथे लेपापेक्षा चिकटपट्टी बरी. मांडीवरील लाली गोलाकार, कडेने उठावदार व खाज आणणारी असेल तर ते काचणे नसून दद्रू आहे. त्यावर लेप लावून ते वाढवू नये.

आलेला फोड लहान व न दुखणारा असल्यास तसाच ठेवावा. मोठा व तणावलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे, वरची कातडी काढू नये व स्वच्छ पट्टी बांधावी. पू, पसरणारी लाली किंवा ताप असल्यास, तसेच मधुमेही रुग्णाच्या बाबतीत, घरगुती उपचारात वेळ घालवू नये.

काळ्या नखाचे वर्णन सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत कुनख म्हणून केले आहे व कारण अभिघात सांगितले आहे. धावपटूत हा अभिघात एका ठोक्याचा नसून बुटाच्या टोकावर हजारो वेळा आपटण्याचा असतो. नखे आडवी, सरळ व आखूड कापावीत. नखाखाली ताजे रक्त साठून ठणका लागला असेल तर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत ते निर्जंतुक पद्धतीने वाट करून काढता येते. वेदना नसल्यास हात लावू नये. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलीमीटर वाढते, त्यामुळे अंगठ्याचे नख पूर्ण नवे येण्यास एक ते दीड वर्ष लागते. वर उल्लेखिलेल्या तरुणाच्या नखाच्या मुळाशी दोन महिन्यांनी सुमारे तीन मिलीमीटर स्वच्छ नख दिसले, म्हणजे बूट बदलल्यानंतर नवा आघात झालेला नाही. हीच तपासणी प्रत्येक रुग्णात करावी : डागाची मुळाकडील कड पातळ रेघेने नोंदवून दोन महिन्यांनी पाहावी. डाग नखाबरोबर पुढे सरकला तर ते रक्त आहे. जागचा हलत नसेल, मुळापासून टोकापर्यंत उभी काळी रेघ रुंदावत असेल, किंवा काळेपणा नखाबाहेरील त्वचेवर उतरला असेल, तर तो त्वचेचा कर्करोग असू शकतो आणि रुग्णाला त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे.