उणे बाकीचा चकवा

इंग्रजीच्या २६ अक्षरांतून सात अक्षरी किती शब्द जुळवता येतील, ज्यात एक तरी स्वर असेल? एकूण शब्दांतून निव्वळ व्यंजनांचे शब्द वजा केले की झालं: २६ चा सातवा घात वजा २१ चा सातवा घात.

अशी उत्तरं अवाढव्य होतात, म्हणून प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांत बहुधा १,००,००,००,००७ या मूळ संख्येने भागून उरणारी बाकीच मागतात. इथे पहिल्या घाताची बाकी ३,१८,१०,१२० येते, दुसऱ्याची ८०,१०,८८,५३४. मूळ संख्या मोठी असूनही तिची बाकी छोटी निघाली! वजाबाकी केली की उत्तर येतं उणे ७६,९२,७८,४१४. शब्दांची संख्या उणे कशी असेल?

दोष फक्त शेवटच्या पायरीचा आहे. भाजक एकदा मिळवला की २३,०७,२१,५९३ हे बरोबर उत्तर मिळतं. सी++ आणि जावामध्ये उणे संख्येची बाकी उणेच राहते, त्यामुळे नुसतं `%` पुन्हा लावून भागत नाही. पायथनमध्ये धन भाजकाने भागल्यास बाकी कधीच उणे येत नाही, पण तिथेही वजाबाकीनंतर `%` लावावंच लागतं.

```
ans = ((a - b) % M + M) % M;
```

ही चूक लपते, कारण सहा अक्षरांपर्यंत दोन्ही घात भाजकाहून लहानच असतात आणि उत्तर बिनचूक येतं. म्हणून तपासताना सात अक्षरांचं उदाहरण जरूर चालवून पाहावं.